मामांची सही आणि बिल्टीचा बाँड

*‘मी साखर पेठेत सुताचा व्यापार करतो. गेल्या जूनमध्ये एका टॉवेल कारखानदाराला ४,८०,००० रुपयांचं सूत ४५ दिवसांच्या उधारीवर दिलं. माल उचलायच्या आधी त्याचे मामा पेढीवर आले आणि माझ्या वहीत “या मालाचे पैसे भाच्याने दिले नाहीत तर मी देईन” असं लिहून सही केली. दिवाळीपर्यंत १,८०,००० आले. तेव्हा कारखानदाराने अडचण सांगितली, म्हणून मी त्याला मार्चअखेरपर्यंत मुदत लिहून दिली आणि त्याने महिना दीड टक्का व्याज लिहून दिलं. एप्रिल उजाडला तरी ३,००,००० बाकीच आहेत. मामा म्हणतात, आधी भाच्यावर दावा लावा, मग माझ्याकडे या. दुसरी गोष्ट, कोइमतूरहून आलेल्या मालाची बिल्टी हरवली तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याने माझ्याकडून बाँड लिहून घेतला आणि माल सोडला. मुलगा म्हणतो, मामांची सही आणि हा बाँड एकच. खरंच एकच का? आणि कुठल्या कागदावर कोण कोणाला धरू शकतो?’*
*— एक सूत व्यापारी, सोलापूर*

नमस्कार शेठ,

एक नाही. मुलाचा घोटाळा होणं साहजिक आहे, कारण दोन्हीकडे कोणीतरी ‘पैसे मी भरीन’ असं म्हणून सही केली आहे. पण मामांचा कागद म्हणजे हमी, आपल्या बोलीत जामीन. ट्रान्सपोर्टवाल्याला तुम्ही दिलेला कागद म्हणजे क्षतिपूर्ती, त्यालाच गुदामात इंडेम्निटी बाँड म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात क्षतिपूर्तीची व्याख्या कलम १२४ मध्ये आहे आणि हमीची कलम १२६ मध्ये. कलमं अशी जवळजवळ असली तरी वसुलीला निघालात की दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात.

ओळखायचं कसं, ते पेढीवरच्या बोलण्यावरून सांगतो. दोघे जण दुकानात येतात, एक माल घेतो आणि दुसरा तुम्हाला म्हणतो, ‘याने दिले नाहीत तर मी देतो.’ इथे देणं पहिल्याचं आहे, दुसरा त्याच्या मागे उभा आहे. ही हमी. हिच्यात माणसं तीन असतात: धनको तुम्ही, मूळ ऋणको कारखानदार आणि जामीनदार मामा. आता तोच दुसरा माणूस म्हणाला, ‘माल याला द्या, पैसे माझ्या नावावर मांडा,’ तर ती हमी नाही. तिथे देणेकरी तो स्वतःच झाला, आणि खतावणीत खातंही त्याच्याच नावाचं उघडायला हवं. क्षतिपूर्तीत मात्र माणसं दोनच असतात. एक दुसऱ्याला सांगतो, ‘माझ्यामुळे किंवा आणखी कोणामुळे तुझं नुकसान झालं तर ते मी भरून देईन.’ त्या वेळी कोणाचंही देणं उभं नसतं. नुकसान होईल किंवा कधीच होणार नाही. कागदाच्या डोक्यावर काय शीर्षक आहे याने काही ठरत नाही, आत कोणी कोणाला काय कबूल केलंय ते पाहायचं. एक साधी कसोटी लावा. तिसऱ्या माणसाचं देणं बाजूला काढलं तर त्या वचनाला काही अर्थ उरतो का? मामांच्या वाक्यातून भाचा काढा, काहीच उरत नाही. तुमच्या बाँडला कोणाच्याही उधारीचा टेकू लागत नाही.

आधी मामांकडे येऊ, कारण तुमचे ३,००,००० तिथे अडकले आहेत.

‘आधी भाच्यावर दावा लावा’ हे मामांचं म्हणणं कायद्याला धरून नाही. कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं: धनकोने आधी मूळ ऋणकोच्या मागे लागून सगळे उपाय संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे यावं, अशी अट घातली तर जामीन घेण्याचा हेतूच बुडतो. म्हणजे पैसे थकले त्या दिवसापासून तुम्ही भाच्यावर, मामांवर किंवा दोघांवर एकत्र दावा लावू शकत होता. मामांची सही वहीत आहे, हे चांगलं झालं. आपल्याकडे तोंडी हमीही चालते, पण ती कोर्टात सिद्ध करताना दमछाक होते. सही माल उचलायच्या आधीची आहे, हेही तुमच्या बाजूचं.

पण ‘शकत होता’ असं मी मुद्दाम लिहिलं. पत्रातलं दिवाळीचं वाक्य वाचून मी थांबलो.

तुम्ही भाच्याला मार्चअखेरपर्यंत मुदत लिहून दिली, बदल्यात त्याने दीड टक्का व्याज कबूल केलं. हे नुसतं थांबणं नव्हतं, तो तुमच्या दोघांमधला नवा करार झाला. मामांना विचारलं होतं की नाही, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. कलम १३५ नुसार धनकोने मूळ ऋणकोला मुदत देण्याचा करार जामीनदाराच्या संमतीशिवाय केला तर जामीनदार मोकळा होतो. मामांना आज हे ठाऊक नसेल, म्हणूनच ते ‘आधी भाचा, मग मी’ म्हणतायत. त्यांनी वकील गाठला की पहिल्या भेटीतच त्यांना हे कळेल.

कायदा असा का, ते समजलं तर पुन्हा अशी चूक होणार नाही. पैसे थकले की जामीनदार स्वतःहून तुमचे पैसे भरून टाकू शकतो आणि लगेच ऋणकोच्या मागे लागू शकतो. कारखाना चालू आहे, माग फिरतायत, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून बिलं येणार आहेत, तोवर वसुलीला काहीतरी हाती लागतं. पैसे भरले की जामीनदार तुमच्याच जागी येतो, आणि तुम्हीच मार्चपर्यंत हात बांधून घेतलेत तर त्यालाही मार्चपर्यंत थांबावं लागलं असतं. त्या पाच महिन्यांत भाच्याने माग विकले असते तर नुकसान मामांचं झालं असतं, तेही त्यांना न विचारता झालेल्या करारामुळे. म्हणून कायदा त्यांना सोडवतो.

इथे एक बारीक भेद आहे, आणि व्यापाऱ्याने तो लक्षात ठेवायलाच हवा. तुम्ही नुसते गप्प बसला असता, मुदत लिहून न देता, नोटीस न पाठवता मार्चपर्यंत वाट पाहिली असती, तर मामा अडकलेलेच राहिले असते. धनकोने नुसता दावा न लावणं किंवा तगादा न करणं, एवढ्याने जामीनदार सुटत नाही, असं कलम १३७ सांगतं. गप्प बसला असता तर दुसऱ्या दिवशीही दावा लावता आला असता. लिहून दिलंत आणि बदल्यात व्याज घेतलंत, तिथे तुम्ही बांधले गेलात. माझे वडील चाटी गल्लीत मुनीम होते. गिऱ्हाईक मुदत मागायला आलं की ते ‘बघू, पाठवा जमेल तसं’ एवढंच म्हणायचे, वहीत तारीख घालायचे नाहीत. लहानपणी मला ते भिडस्तपण वाटायचं. वकिली सुरू केल्यावर कळलं की जामीनदाराचं खातं ते असं जपत होते.

आता तुमचं काय? तीन शक्यता आहेत, आणि तुमची कुठली ते तुम्हालाच माहीत.

मामांना दिवाळीतल्या मुदतीची खबर होती आणि त्यांनी होकार दिला होता, असं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तुमच्या मोबाइलमधले दिवाळीच्या आसपासचे मामांचे मेसेज काढा. ‘शेठ, भाच्याला जरा सांभाळून घ्या, मार्चला देईल’ असं काही त्यांनी लिहिलेलं सापडलं तर ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. भाच्याबरोबर त्या दिवशी मामा स्वतः पेढीवर आले असतील तर तेव्हा हजर असलेल्या मुनिमाला विचारून ठेवा.

खबर नव्हती, पण मामा माणूस म्हणून शब्दाला जागणारे आहेत, असं असेल तर घाईने नोटीस पाठवू नका. आधी त्यांच्याशी बसा आणि नवा कागद करा. त्यात दोन गोष्टी हव्यात. एक, दिवाळीच्या मुदतीला त्यांची संमती. दुसरी, नव्या हमीसाठी मोबदला. हमीला मोबदला लागतो, पण तो जामीनदाराच्या खिशात जायची गरज नाही, मूळ ऋणकोच्या फायद्यासाठी काही केलं तरी तो पुरतो. म्हणून कागदात असं यावं: ‘मामांच्या विनंतीवरून व्यापारी कारखानदारावर अमुक तारखेपर्यंत दावा करणार नाहीत, त्याबदल्यात मामा ३,००,००० रुपये आणि त्यावरील ठरलेल्या व्याजाची हमी देतात.’ कलम १२७ मध्ये जवळपास असंच उदाहरण दिलं आहे: माल देऊन झाल्यानंतर तिसरा माणूस म्हणतो, वर्षभर दावा करू नका, मी भरतो, आणि ती हमी वैध ठरते. त्याच कलमात उलटं उदाहरणही आहे. माल गेल्यावर कोणी नुसतंच, बदल्यात काही न मागता, ‘मी देतो’ म्हणाला तर ते वचन फुकट. त्यामुळे ‘दावा करणार नाही’ हे शब्द गाळू नका, आणि कागद योग्य मुद्रांकावर करा.

मामांनी नकार दिला तर त्यांच्यामागे पैसा आणि वर्षं घालवायच्या आधी वकिलाला दोन्ही कागद दाखवा. भाच्यावरचा तुमचा दावा मात्र शाबूत आहे, ३,००,००० आणि कबूल केलेलं व्याज धरून. जामीनदार सुटला म्हणून ऋणको सुटत नाही. मुदत मार्चअखेर संपली आहे, त्याला आत्ताच नोटीस द्या.

मामांनी पैसे भरलेच तर पुढे काय, हे त्यांनाही सांगा, त्याने त्यांचं मन वळू शकतं. भरलेली रक्कम ते स्वतःच्या नावाने, थेट भाच्याकडून वसूल करू शकतात. तसं कुठे लिहिलेलं नसलं तरी कलम १४५ प्रत्येक हमीत हे वचन धरून चालतं, म्हणजे भाचा मामांना नुकसानीपासून वाचवायला बांधलेला असतो. गंमत अशी नाही, गाभाच असा आहे, की हमीच्या पोटात एक क्षतिपूर्ती दडलेली असते. भाच्याकडून तुम्ही चादरींच्या गाठी किंवा काही तारण ठेवून घेतलं असेल तर तेही मामांच्या हाती द्यावं लागतं. म्हणून मामांना न विचारता असं तारण भाच्याला परत करू नका. तेवढ्या किमतीपुरते मामा सुटतील.

पुढच्या वेळी जामीन घेताना वहीत एवढं लिहून घ्या: ‘अमुक यांना वेळोवेळी दिलेल्या सुताच्या येण्याची, एकूण अमुक रुपयांपर्यंत, मी हमी देतो. त्यांना मुदत वाढवून दिली किंवा अटी बदलल्या तरी माझी हमी कायम राहील.’ शेवटचं वाक्य म्हणजे आगाऊ संमती, बँका आपल्या छापील फॉर्मात तेच घालतात. ‘वेळोवेळी’ या शब्दाने हमी चालू स्वरूपाची होते. मामांच्या आताच्या ओळीत ‘या मालाचे’ असं आहे, त्यामुळे जूननंतर तुम्ही भाच्याला काही सूत दिलं असेल तर ते तिच्यात येत नाही. चालू हमी जामीनदार कधीही नोटीस देऊन पुढच्या मालापुरती बंद करू शकतो, आणि तशी नोटीस आली की त्या दिवसापासून उधारी थांबवा.

आता बिल्टीचा बाँड. इथे तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे आहात: वचन देणारे तुम्ही, घेणारा ट्रान्सपोर्टवाला.

बिल्टी असेल त्याला माल, हा ट्रान्सपोर्टचा नियम. ती नसताना त्याने माल सोडला म्हणजे जोखीम अंगावर घेतली, आणि बाँड घेऊन ती तुमच्यावर टाकली. समजा उद्या बँकेचा माणूस मूळ बिल्टी हातात घेऊन गुदामाच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, मालाचे पैसे आमच्याकडे जमा झालेले नाहीत, गोण्या कुठे आहेत? तो ट्रान्सपोर्टवाल्याला धरेल. तुमच्या बाँडचा आधार घेऊन तो तुम्हाला धरू शकत नाही, कारण तुमचं वचन बँकेला नव्हतं. मालाचे पैसे थकलेत म्हणून तो दुसऱ्या हक्काने तुमच्याकडे येईल, ती गोष्ट वेगळी. बाँडवर दावा लावायचा अधिकार एकट्या ट्रान्सपोर्टवाल्याचा.

तो काय काय मागू शकतो, ते कलम १२५ सांगतं. त्याच्यावर दावा झाला तर त्यात भरावी लागलेली रक्कम, दाव्याचा खर्च, आणि त्याने तडजोड केली असेल तर तडजोडीचे पैसे. खर्च आणि तडजोड मात्र तुमच्या आदेशाविरुद्ध केलेली नसावी, आणि एखाद्या सुज्ञ माणसाने बाँड नसतानाही केली असती अशी असावी. म्हणून त्याच्याकडून ‘दावा आलाय’ असा निरोप आला की लगेच लेखी कळवा: लढा, की मिटवा, आणि किती रकमेपर्यंत. निरोप आल्यावर तुम्ही गप्प राहिलात तर नंतर ‘एवढ्याला का मिटवलं’ असं म्हणणं अवघड जातं.

त्याला आधी खिशातून पैसे भरावे लागतात का? पूर्वी तसं मानायचे: नुकसान झाल्याशिवाय भरपाई नाही. १९४२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला यांनी गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात वेगळं ठरवलं. देणं एकदा पक्कं झालं की क्षतिपूर्ती घेणाऱ्याने आधी स्वतः बुडायची गरज नाही. ज्याने वचन दिलं त्यानेच ते देणं फेडावं, असं तो मागू शकतो. त्यामुळे ट्रान्सपोर्टवाल्याचं देणं पक्कं झालं की त्याने अजून एक रुपयाही दिला नसला तरी तो तुमच्या दारात येऊ शकतो. ‘आधी तू भर, मग मी देतो’ हे तुमचं उत्तर चालणार नाही.

आणि समजा बिल्टी कोणी चोरली होती आणि तिच्यावर पैसे उचलले होते. नुकसान तुम्ही भरून दिल्यावर त्या चोराला ट्रान्सपोर्टवाल्याच्या हक्काने धरायचं असेल तर साधारणपणे ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाने जावं लागतं, मामांसारखं स्वतःच्या नावाने सरळ नाही. वसुलीच्या बाबतीत हमी आणि क्षतिपूर्ती यांत इथे मोठा फरक पडतो. म्हणून पैसे देताना त्याच्याकडून ‘आमच्या नावाने वसुली करायला संमती आहे, कागदपत्रं पुरवू’ असं लेखी घ्या.

बाँडची प्रत तुमच्याकडे आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आजच गुदामातून फोटो काढून आणा. त्यात रकमेची मर्यादा आणि बिल्टीचा नंबर आहे का पाहा. नुसतं ‘या व पुढील सर्व व्यवहारांबाबत’ असं लिहिलेलं असेल तर ते या एका बिल्टीपुरतं दुरुस्त करून मागा. आणि बिल्टी कधी सापडली, गादीखाली नाहीतर बँकेच्या लखोट्यात, तर ती गुदामात जमा करा, पोच घ्या, आणि मूळ बाँडवर ‘रद्द’ लिहून ट्रान्सपोर्टवाल्याची सही-शिक्का घेऊन तो घरी आणा.